महागाई वाढली, मुद्दल वाढलं, मग किंमत का घटली?

"मी बावन्न वर्षांची आहे, आठ वर्षांनी निवृत्त होईन. दोन वर्षांपूर्वी महागाईशी जोडलेला वीस वर्षांचा सरकारी रोखा एक लाखाला घेतला. व्याज अर्धाच टक्का, पण मुद्दल महागाईबरोबर वाढत राहील असं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी महागाई आठ टक्के झाली, दुसऱ्या वर्षी सात. आणि आज खात्यात त्या रोख्याची किंमत दिसते ८२,४००. मुद्दल वाढलं असेल तर किंमत कमी कशी? माझी फसवणूक झाली आहे का? विकून साध्या ठेवीत टाकू का?"

सप्रेम नमस्कार,

फसवणूक झालेली नाही. मुद्दल वाढेल हे तुम्हाला खरंच सांगितलं होतं आणि ते वाढलंही आहे. खात्यात दिसणारा आकडा मात्र मुद्दलाचा नाही, आज बाजारात विकायला गेलात तर जे हाती पडेल त्याचा आहे. या दोन आकड्यांमधला फरक विकताना कुणी समजावून सांगितला नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. तो फरक कळला की पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी मुद्दल. रोखा निघाला त्या दिवशी ग्राहक किंमत निर्देशांक १५० होता असं धरू. आज तो १७३.३४ आहे. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की १.१५५६ येतं. याला निर्देशांक गुणोत्तर म्हणतात आणि रोख्याचा सगळा हिशेब याच एका आकड्यावर चालतो. एक लाखाला त्याने गुणा, तुमचं आजचं मुद्दल १,१५,५६० होतं. आठ टक्के आणि त्यावर सात टक्के म्हणजे बरोबर इतकेच. व्याजाचा दर अर्धा टक्काच राहतो, पण तो या वाढलेल्या मुद्दलावर लागतो. सुरुवातीला सहामाहीला अडीचशेच्या आसपास मिळत असतील, आता २८९ मिळायला हवेत. शेवटचा व्याजाचा जमा आकडा काढून बघा, तो वाढलेला दिसेल. मुद्दलवाढ मात्र दर वर्षी हातात येत नाही. ती रोख्यातच साचत राहते आणि मुदत संपल्यावर एकरकमी मिळते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. निर्देशांक महिन्यातून एकदाच जाहीर होतो आणि तोही उशिरा, म्हणून बहुतेक देशांत हिशेब तीन महिने मागे चालतो. १ एप्रिलला जानेवारीचा निर्देशांक धरतात आणि १ मेला फेब्रुवारीचा. मधल्या दिवसांसाठी या दोन आकड्यांच्या मधला, दिवसांच्या प्रमाणातला आकडा घेतात. जानेवारीचा १७३.०० आणि फेब्रुवारीचा १७३.६८ असेल, तर १६ एप्रिलला महिना बरोबर अर्धा सरलेला असतो, म्हणून त्या दिवशीचा आकडा १७३.३४. मुदत संपण्याआधीच्या अखेरच्या तीन महिन्यांची महागाई त्यामुळे तुमच्या पदरात पडत नाही. त्याऐवजी खरेदीच्या आधीच्या तीन महिन्यांची पडते. वीस वर्षांत हा फरक किरकोळ असतो, वर्षभराच्या रोख्यात मात्र तो जाणवतो.

आता किंमत. तुमच्या रोख्याने महागाईवर अर्धा टक्का देण्याचं वचन दिलं आहे. महागाई वजा जाऊन जे उरतं त्याला वास्तविक परतावा म्हणू. तुम्ही खरेदी केली तेव्हा बाजारात वास्तविक परतावा अर्धा टक्काच मिळत होता, म्हणून शंभराचा रोखा शंभराला मिळाला. पुढे महागाई भडकली, मध्यवर्ती बँकांनी व्याजदर चढवले, आणि तुमच्या पत्रातले आकडे उलट लावून पाहिले तर दिसतं की आज तसाच रोखा महागाईवर अडीच टक्के देतोय. अडीच टक्के देणारा रोखा समोर असताना अर्धा टक्का देणारा तुमचा रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? घेणारा दर वर्षी दोन टक्क्यांवर पाणी सोडणार, आणि तेही उरलेली अठरा वर्षं. दोन टक्के गुणिले अठरा म्हणजे छत्तीस. पण यातले बरेच पैसे पुष्कळ वर्षांनी मिळायचे आहेत, म्हणून त्यांचं आजचं मोल जवळपास २८.७ भरतं. तेवढी सूट मिळाली तरच तो घेणार. शंभरातून २८.७ गेले, राहिले ७१.३. त्याला १.१५५६ ने गुणा. ८२.४ येतात. तुमच्या खात्यातला आकडा असा बनला आहे.

म्हणजे दोन जोर एकमेकांविरुद्ध लागले. महागाईने रोखा साडेपंधरा टक्के वर नेला आणि वाढलेल्या वास्तविक परताव्याने जवळपास एकोणतीस टक्के खाली ओढला. असं होणं अपवादही नाही. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, आणि त्याच वर्षात तिथल्या महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांचा बाजार सुमारे बारा टक्के घसरला. दहा वर्षांच्या रोख्याचा वास्तविक परतावा वर्षाच्या सुरुवातीला उणे एक टक्क्याच्या आसपास होता, तो वर्षअखेरीस अधिक दीड टक्क्याच्या आसपास गेला. महागाईपासून वाचण्यासाठी घेतलेल्या रोख्यांनी महागाईच्याच वर्षी तोटा दाखवला, आणि तेव्हाही हजारो लोकांनी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला.

खरा गुन्हेगार महागाई नाही, मुदत आहे. समजा दोन वर्षांपूर्वी तुम्ही याच अर्ध्या टक्क्याचा पाच वर्षांचा रोखा घेतला असता. आज त्याची तीनच वर्षं उरली असती. घेणाऱ्याला दोन टक्क्यांवर तीनच वर्षं पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून त्याने सूट मागितली असती ५.७ ची. ९४.३ गुणिले १.१५५६ म्हणजे जवळपास १०९. तोच रोखा, तेवढीच महागाई, व्याजदरांची तीच उलथापालथ, आणि एक लाखाचे आज एक लाख नऊ हजार दिसले असते.

यातूनच हे रोखे कुणाच्या सर्वांत जास्त फायद्याचे, तेही कळतं. ज्याला ठरावीक तारखेला ठरावीक खरेदीशक्ती लागणार आहे आणि ज्याच्या रोख्याची मुदत त्याच तारखेला संपते, त्याच्या. मधल्या काळात किंमत कितीही वरखाली झाली तरी त्याला फरक पडत नाही, कारण तो विकणारच नाही. मुदत संपताना मुद्दल महागाईच्या मापाने पूर्ण मिळतं. ब्रिटनने १९८१ मध्ये असे रोखे पहिल्यांदा काढले तेव्हा ते निवृत्तिवेतनाचा व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थांनाच घेता येत होते, इतरांना पुढच्या वर्षी खुले झाले. ते सयुक्तिकच होतं. महागाईप्रमाणे वाढणारं पेन्शन तीस-चाळीस वर्षं द्यायचं कबूल केलेल्या फंडाला दुसऱ्या कशात ही निश्चिंती मिळणार? कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी आहे. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांच्या पगाराच्या बदल्यात ज्या चिठ्ठ्या दिल्या, त्यांची रक्कम मका, गोमांस, लोकर आणि चामडं यांच्या ठरावीक मापांच्या भावावर बांधली होती. युद्धात कागदी चलन मातीमोल झालं होतं आणि सैनिकांना खायला-ल्यायला पुरेल इतकं मोल हवं होतं. आजच्या रोख्यातही वचन हेच असतं, मका-लोकरीच्या जागी निर्देशांक आला इतकंच.

याउलट तरुण नोकरदाराला, ज्याचा पगार महागाईमागोमाग वाढतो, हे संरक्षण मोठ्या प्रमाणात फुकटच मिळालेलं असतं. ठरलेल्या व्याजाचं मोठं गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाच्या कर्जाचं ओझं तर महागाई स्वतःच हलकं करते. आणि ज्यांचं निवृत्तिवेतन आधीच महागाई भत्त्याशी बांधलेलं आहे, त्यांनी एकाच धोक्याचा विमा दोनदा का काढावा? तुमच्या पत्रात असं पेन्शन मिळणार असल्याचा उल्लेख नाही, तेव्हा ते नाही असं धरतो. तसं असेल तर हे रोखे तुमच्यासारख्यांसाठीच आहेत. तुमचा रोखा चुकलेला नाही, त्याची तारीख चुकली आहे. पैसे लागणार आठ वर्षांनी आणि मुदत संपणार अठरा वर्षांनी.

तर आता काय करायचं? झालेला तोटा झाला आहे. रोखा ठेवला तरी तो पुसला जात नाही आणि विकला तरी नव्याने होत नाही. आज तुमच्या हातात ८२,४०० आहेत, ते कुठे ठेवायचे एवढाच प्रश्न उरतो. खरेदीची किंमत मनातून काढून टाकणं जड जातं हे मला माहीत आहे, पण या हिशेबात तिला जागा नाही.

पहिला रस्ता, आहे तोच रोखा ठेवायचा. आठ वर्षांनी तो विकावा लागेल आणि तेव्हा त्याची दहा वर्षं उरलेली असतील. त्या दिवशी वास्तविक परतावा आजच्याइतकाच, म्हणजे अडीच टक्के असला, तर व्याजासकट तुमच्या हाती आजच्या खरेदीशक्तीत एक लाखाच्या किंचित वर पडेल. तो साडेतीन टक्क्यांवर गेलेला असला तर ९२,००० च्या आसपास. दीड टक्क्यावर उतरलेला असला तर जवळपास १,१०,०००. यातलं कोणतं होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही.

दुसरा रस्ता, हा विकून आठ वर्षांनी मुदत संपणारा महागाईशी जोडलेला रोखा घ्यायचा. त्यावरही महागाईवर अडीच टक्के मिळत असतील, तर ८२,४०० चे आठ वर्षांनी आजच्या खरेदीशक्तीत सुमारे १,००,४०० होतील. मधली व्याजं पुन्हा गुंतवताना थोडा फरक पडेल तेवढाच, बाकी व्याजदर कुठेही गेले तरी हा आकडा हलत नाही. सरासरीने दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात, पण पहिल्यात ९२ ते ११० ची डळमळ आहे आणि दुसऱ्यात ती नाही. निवृत्तीच्या पहिल्या वर्षांचा खर्च यातून भागवायचा असेल तर मी दुसरा रस्ता धरेन. हे पैसे मात्र निवृत्तीनंतरही दहा वर्षं हात न लावता राहणार असतील, तर विकू नका. मग तुमच्या आजच्या रोख्याची तारीखच बरोबर आहे.

राहिली साधी ठेव. समजा आठ वर्षांच्या ठरावीक व्याजाच्या ठेवीवर सात टक्के मिळतात. महागाईच्या रोख्यावर अडीच मिळतात. १.०७ भागिले १.०२५ केलं की १.०४४ येतं. म्हणजे येत्या आठ वर्षांत महागाईची सरासरी ४.४ टक्क्यांच्या खाली राहिली तर ठेव सरस आणि वर गेली तर रोखा सरस. लक्षात घ्या, ४.४ टक्के महागाई ठेवीच्या सात टक्क्यांत आधीच धरलेली आहे. रोखा तुम्हाला वाचवतो तो कुणी न धरलेल्या महागाईपासून. म्हणून "महागाई वाढणार आहे" एवढ्यावरून हे रोखे घेऊ नयेत, ती बाजाराच्या अंदाजापेक्षा जास्त वाढली तरच ठेवीवर मात होते. तुमच्या जागी मी मात्र जुगार म्हणून या आकड्याकडे बघणार नाही. महागाई तीन टक्के राहिली आणि ठेव घेतली नाही म्हणून थोडं कमी मिळालं, तर निवृत्तीत ते सोसवतं. महागाई नऊ टक्के राहिली आणि सगळं ठेवीत असलं तर सोसवत नाही.

रोखा बदलायचं ठरवलंत तर खरेदीच्या वेळी तीन ठिकाणी जपा.

आठ वर्षं उरलेला रोखा बहुधा जुनाच, बाजारात कुणाकडून तरी घ्यावा लागेल. पडद्यावर दिसणारा भाव बहुतेक ठिकाणी निर्देशांक गुणोत्तर न लावता दाखवतात. भाव ९६ दिसला आणि गुणोत्तर १.३० असलं तर शंभर दर्शनी किमतीच्या रोख्याला प्रत्यक्षात १२४.८० मोजावे लागतात, वर साचलेलं व्याज वेगळं. लोक इथे गोंधळतात. हे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, ते आधीच साचलेल्या मुद्दलवाढीचे असतात. पण याच ठिकाणी एक धोका लपलेला आहे. वस्तूंचे भाव पडून निर्देशांक मूळ पातळीच्याही खाली गेला तरी मुदत संपताना निदान मूळ दर्शनी किंमत देण्याची हमी अमेरिकेच्या रोख्यांत असते, ब्रिटनच्या रोख्यांत नसते. जिथे असते तिथेही ती मूळ शंभराची असते, तुम्ही मोजलेल्या १२४.८० ची नाही. पुढे वस्तूंच्या किमती घसरल्या तर साचलेले तीस आटू शकतात. दोन रोखे इतर सर्व बाबतींत सारखे असतील तर गुणोत्तर एकच्या जवळ असलेला घ्या. शिवाय या रोख्यांचे व्यवहार साध्या रोख्यांपेक्षा कमी होतात, म्हणून विकायचा आणि घ्यायचा भाव दोन्ही एकाच वेळी विचारा. दोन्हींतलं अंतर दोन टक्क्यांहून जास्त निघालं तर घाई करू नका.

दुसरं, कर. मुद्दलवाढ हातात आलेली नसतानाही काही देशांत त्या वर्षाचं उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो, अमेरिकेत तसंच आहे. एक लाखाच्या मुद्दलावर सात टक्के महागाई आणि तीस टक्के कर धरा. सात हजारांच्या वाढीवर २,१०० कर, आणि तुमच्या आजच्या रोख्याने वर्षात दिलेलं व्याज जेमतेम ५३५. बाकीचे खिशातून भरायचे. कर वर्षाला लागो की शेवटी, तो वास्तविक परताव्याला कुरतडतोच. अडीच टक्के वास्तविक आणि सात टक्के महागाई मिळून ९.७ टक्के होतात, तीस टक्के कर गेल्यावर ६.८ उरतात, म्हणजे महागाईपेक्षा कमीच. चार टक्के महागाईत हाच हिशेब थोडा फायद्यात राहतो. महागाई जितकी जास्त तितका कराचा घाव खोल, हे या रोख्यांचं सर्वांत मोठं उणेपण आहे असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये व्यक्तींना मुद्दलवाढीवर कर पडत नाही. कर पुढे ढकलणारं निवृत्ती खातं तुम्हाला उघडता येत असेल तर रोखा तिथेच ठेवा, आणि आजचा रोखा विकल्याचा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होतो का तेही विचारून घ्या.

तिसरं, निर्देशांक कोणता. भारताने जून २०१३ मध्ये १.४४ टक्के व्याजाचे दहा वर्षांचे असे रोखे काढले, पण ते घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडले. २०१४ च्या अखेरीपासून घाऊक भाव वर्षभराहून अधिक काळ घसरत राहिले, आणि घर चालवणाऱ्यांना जाणवणारे किरकोळ भाव मात्र वाढतच होते. घरातला खर्च चढत होता आणि रोख्याचं मुद्दल आटत होतं. तुमच्या नव्या रोख्याच्या माहितीपत्रकात निर्देशांकाचं नाव लिहिलेलं असेल. ते ग्राहक किंमत निर्देशांकाचं आहे ना, ते स्वतः वाचा. आणि निवृत्तीनंतरच्या तुमच्या खर्चात औषधोपचारांचा वाटा सरासरी घरापेक्षा मोठा असणार असेल, तर तो निर्देशांकही तुमच्या खर्चामागे थोडा मागेच राहील. त्या फरकासाठी काही रक्कम वेगळी बाजूला ठेवावी लागेल.

सगळी रक्कम एकाच तारखेला लागणार नसेल तर ती वाटून आठ, नऊ आणि दहा वर्षांनी मुदत संपणाऱ्या तीन रोख्यांत टाका. निवृत्तीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी एक रोखा आपोआप मोकळा होईल आणि त्यातला एकही तुम्हाला बाजारात नेऊन विकावा लागणार नाही.